खाऱ्याचे काय करायचे?



मेढ्यात उभे राहून समुद्राच्या पाण्यावर बोलायचे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. वेण्णेच्या काठावर बसलेल्या माणसाला समुद्राची काय पडली आहे? पण आपल्या तालुक्याचा समुद्राशी संबंध आहे आणि तो पाण्याचाच आहे. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते आणि पूर्वेला जाते. शेजारच्या शिवसागराचे तसे नाही. बामणोली-तापोळ्यापर्यंत तुंबलेल्या त्या पाण्यातले वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेण्याची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिली आहे. ते पोफळीला उतरते, वीज करते, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज करते, वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. हिशेब केला तर दिवसाला सरासरी ५२० कोटी लिटर होते. मुंबईची सात धरणे मिळून शहराला रोज देतात ते पाणी ४०० कोटी लिटरच्या आत-बाहेर आहे.

आणि त्याच मुंबईने २०२० साली ठरवले, की समुद्राचे पाणी गोड करायचे. मालाडच्या पश्चिमेला मनोरी गावाजवळ दिवसाला २० कोटी लिटरचा, पुढे ४० कोटींपर्यंत वाढवता येईल असा निःक्षारीकरण प्रकल्प जाहीर झाला. जून २०२१ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल करण्यासाठी इस्रायली कंपनी आयडीईशी करार झाला. त्या वेळी सांगितलेला खर्च उभारणीचा १६०० कोटी आणि वीस वर्षे चालवण्याचा १९२० कोटी रुपये होता. पुढे निविदांच्या फेऱ्या झाल्या, वाद झाले. त्या राजकारणात मी जाणार नाही. माझे आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेले आणि समुद्राचे पाणी गोड करण्याचे यंत्र मी तिथे चालवले आहे. गोड पाणी कसे निघते हे आज थोडक्यात सांगतो. त्यानंतर जे खारे उरते त्याच्यावर जास्त वेळ घेणार आहे, कारण मनोरीचा खरा प्रश्न तिथे आहे आणि सभांमधून त्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मधे असा एक पडदा धरा, की ज्यातून पाणी जाईल पण क्षार जाणार नाहीत. एका बाजूला गोडे पाणी, दुसऱ्या बाजूला खारे. आपोआप काय होते? गोडे पाणी खाऱ्याकडे ओढले जाते. हे परासरण. ही ओढ केवढी असते? समुद्राच्या पाण्यासाठी चौरस सेंटिमीटरला सुमारे २७ किलो. ही ओढ उलटवायची असेल तर खाऱ्या बाजूने त्याहून जास्त दाब द्यावा लागतो, मग पाणी खाऱ्यातून गोड्याकडे येते. हेच उलट परासरण, म्हणजे आपल्या घरातले आरओ. घरच्या यंत्राला थोडा दाब पुरतो, कारण विहिरीच्या पाण्यात क्षार कमी असतात. समुद्राला ५५ ते ६५ किलो लागतो. हा दाब किती मोठा आहे हे तुम्हाला आकड्याने कळणार नाही, कोयनेने कळेल. पोफळीला कोयनेचे पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येते. त्या उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब होतो ४७ किलो. म्हणजे सह्याद्रीचा अख्खा कडा पाण्याने भरून त्याचे वजन त्या पडद्यावर टाकले, तरी समुद्राचे पाणी पुरेसे गोड करायला ते कमी पडेल.

असा दाब सोसणारा आणि तरीही भरपूर पाणी सोडणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तयार केला. सौरीराजन आपल्या देशातले. आजचा पडदा वेगळ्या पदार्थाचा, पॉलिअमाइडचा असतो. तो गुंडाळून आठ इंच व्यासाची, चाळीस इंच लांबीची नळकांडी करतात आणि अशी सहा-आठ नळकांडी एका लांब नळीत एकामागे एक बसवतात. पाणी एका टोकाने आत येते. वाटेत त्यातले गोडे पाणी पडद्यातून गळत जाते आणि दुसऱ्या टोकाने उरलेले खारे बाहेर पडते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पहिल्या नळकांड्यात पाणी ३५ ग्रॅमचे होते. गोडे पाणी निघून गेल्यावर उरलेले ४० ग्रॅमचे होते, पुढे ५० चे, मग ६० चे. जसा खारेपणा वाढतो तशी त्याची उलटी ओढही वाढते. ६० ग्रॅमला ती ४७-४८ किलोपर्यंत जाते. तुमचा पंप ६० किलो देत असेल तर मधे फारसे काही उरत नाही. शिवाय कॅल्शियमचे क्षार पडद्यावर साका धरू लागतात. म्हणून समुद्राच्या पाण्यातून शंभर लिटरमागे चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे काढून थांबावे लागते. बाकीचे पंचावन्न-साठ लिटर खारे पाणी परत टाकावेच लागते. यात कोणाचा आळस नाही आणि कंजूषीही नाही. निसर्गाने घातलेली ती मर्यादा आहे.

जहाजावर गोड्या पाण्याचे दोन मार्ग असतात. मोठ्या मालवाहू जहाजावर जुना मार्ग ऊर्ध्वपातनाचा आहे. मुख्य इंजिन थंड करणारे पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापलेले असते. त्याची उष्णता घ्यायची, भांड्यातली हवा ओढून घ्यायची, म्हणजे समुद्राचे पाणी ४०-५० अंशांनाच उकळते. वाफ थंड केली की गोडे पाणी. उष्णता फुकटची असते. पण इंजिन मंद चालले किंवा बंद असले की ते यंत्रही थांबते. म्हणून युद्धनौका, प्रवासी जहाजे, तेल काढण्याचे समुद्रातले प्लॅटफॉर्म आणि आता बरीच मालवाहू जहाजेही आरओ ठेवतात.

या यंत्राची गंमत म्हणजे ते बोलते. पण मीटर रोज लिहून ठेवणाऱ्यालाच ते ऐकू येते. पहिला मीटर गोड्या पाण्याच्या खारेपणाचा. तो ठरवलेल्या मर्यादेवर गेला, की झडप आपोआप फिरते आणि ते पाणी टाकीऐवजी समुद्रात जाते. दुसरा मीटर नळीच्या दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकाचा. हा फरक हळूहळू वाढू लागला म्हणजे पडद्यावर चिखल किंवा शेवाळ बसते आहे. पाण्याचे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांनी घटले, की रसायनाने धुण्याची वेळ आली. एखाद्या दिवशी खारेपणा एकदम उसळला तर साका नव्हे, कुठेतरी रबरी कडे फाटलेले असते किंवा पडदा क्लोरीनने खाल्लेला असतो. पॉलिअमाइडला क्लोरीन अजिबात सोसत नाही. यंत्र थांबवताना ते गोड्या पाण्याने धुऊन ठेवले नाही तर आठवड्याने उघडल्यावर सडक्या अंड्यांचा वास येतो. असा वास आला की नवा माणूस कोण आहे हे सगळ्या इंजिनरूमला कळते.

बंदराजवळ हे यंत्र चालवायचे नाही, हा जहाजावरचा जुना नियम. किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैल दूर गेल्यावरच चालू करायचे, अशी शिस्त बहुतेक ठिकाणी असते. बंदराच्या पाण्यात तेल असते, मैला असतो, गाळ असतो. तेलाचा एक पातळ थर आत गेला तर पडदा कायमचा जातो. आणि खारे पाणी? ते आम्ही बिनघोर समुद्रात सोडत असू. दिवसाला पंचवीस हजार लिटर गोडे काढणाऱ्या जहाजाचे खारे पाणी साधारण पन्नास-साठ हजार लिटर. ते चालत्या जहाजामागच्या फेसाळ पाण्यात पडते, पंखा ते घुसळतो आणि काही मिनिटांत खारेपणातला फरक मोजण्याच्या पलीकडे जातो. उद्या जहाज तिथे नसतेच.

किनाऱ्यावरचा प्रकल्प या सगळ्याच्या उलट आहे. तो जागचा हलत नाही. तो पाणी घेतो बंदराच्या, खाडीच्या जवळचे, म्हणजे ज्या पाण्याला आम्ही हात लावत नव्हतो तेच. आणि खारे पाणी तो एकाच जागी सोडतो, रात्रंदिवस, पंचवीस-तीस वर्षे. समुद्रात मीठ टाकल्याने समुद्र खारट होतो अशी भीती काही लोक घालतात. ती भीती चुकीची आहे. ते मीठ समुद्राचेच होते, त्यात एक चिमूटही भर पडलेली नाही. चिंता करायची ती एका जागेची.

चेन्नईजवळ मिंजूरचा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. तो दिवसाला १० कोटी लिटर गोडे पाणी देण्यासाठी बांधला आहे. त्यासाठी समुद्रातून २३.७ कोटी लिटर घेतो. वजाबाकी तुम्हीच करा, १३.७ कोटी लिटर खारे परत जाते. आत येताना लिटरला ३५ ग्रॅम होते, बाहेर जाताना साधारण ६०. मनोरीला हेच प्रमाण लावले तर २० कोटी गोड्यासाठी रोज ४७ कोटी लिटर आत आणि २७ कोटी लिटर खारे बाहेर. त्या २७ कोटी लिटरमध्ये सोळा हजार टनांहून जास्त क्षार असतील. ४० कोटींचा टप्पा झाला तर हे सगळे दुप्पट.

हे ६० ग्रॅमचे पाणी जड असते. काकवी पाण्यात हलकेच ओतली तर ती मिसळत नाही, तळाला जाऊन पसरते. खारे पाणी नळाच्या तोंडातून संथपणे सोडले तर ते तेच करते. तळावर चादरीसारखे सरकत उतार शोधते आणि खोलगट जागी साठते. वरच्या पाण्यात लाटांनी हवा मिसळते, ती या थराखाली पोचत नाही. खाली असलेला ऑक्सिजन तळाचे जीव वापरून टाकतात. या पाण्यात प्रकल्पाची काही रसायनेही असतात: साका बसू नये म्हणून घातलेले द्रव, गाळ बसवायला वापरलेले लोखंडाचे क्षार, आणि पडद्याला क्लोरीन लागू नये म्हणून घातलेले बायसल्फाइट. हे शेवटचे जास्त पडले तर स्वतःच ऑक्सिजन खाते. मासा पोहून बाजूला जातो. पण शिवल्या, तिसऱ्या, चिखलातले किडे, माशांची अंडी यांना जाता येत नाही. आणि मनोरी-गोराईच्या कोळ्यांचे मासे त्या किड्यांवरच जगतात.

यावर उपाय नाही असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराने २००६ मध्ये क्विनाना इथे, कॉकबर्न साउंड नावाच्या अर्धवट बंदिस्त आखातात असा प्रकल्प काढला. मनोरीच्या पहिल्या टप्प्याहून थोडा लहान. तिथे खारे पाणी एका तोंडाने न सोडता समुद्राच्या तळावरच्या नळाला चाळीस बारीक तोंडे काढली आणि ती साठ अंशांत वर वळवली. पाणी जोराने वर उडते, कमानीसारखे खाली येते आणि वाटेत आजूबाजूचे समुद्राचे पाणी ओढून मिसळून घेते. पन्नास मीटरच्या आत खारे पाणी पंचेचाळीस पट सौम्य झाले पाहिजे अशी अट होती. मोजणीत ते बऱ्यापैकी साधले. तरीही २००८ मध्ये वारा पडलेल्या दिवसांत आखाताच्या खोल भागात ऑक्सिजन घसरला आणि उत्पादन काही काळ कमी करावे लागले. तो दोष प्रकल्पाचा होता की आखाताचा स्वतःचाच होता, यावर तिथे वाद झाला. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की ऑक्सिजन घसरला हे त्यांना कळले, कारण तळाशी यंत्रे ठेवलेली होती.

पंचेचाळीस पट म्हणजे काय? ६० ग्रॅमचे पाणी समुद्रापेक्षा फक्त एक ग्रॅमने जास्त राहावे असे वाटत असेल, तर त्याच्या चोवीस पट समुद्राचे पाणी त्यात मिसळावे लागेल; पर्थची अट त्याहूनही कडक होती. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये नियम केला तो असा: नळाच्या तोंडापासून शंभर मीटरवर मूळ खारेपणापेक्षा दोन ग्रॅमहून जास्त फरक नको. हा नियम मला आवडतो, कारण तो कोणालाही मोजून पाहता येतो.

मनोरीला एक गोष्ट अनुकूल आहे आणि एक प्रतिकूल. अनुकूल म्हणजे मुंबईची भरती-ओहोटी. उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होते, एवढी घुसळण पर्थला नाही. प्रतिकूल म्हणजे खाडी. खाडीचे पाणी ओहोटीला बाहेर जाते आणि भरतीला त्यातलेच बरेचसे परत येते. खारे पाणी खाडीच्या तोंडात सोडले तर ते ये-जा करत राहील. भांगेच्या दिवसांत, ओढ कमी असताना, तळाशी बसेलही. शिवाय तेच पाणी प्रकल्पाच्या आत येण्याच्या नळात शिरले तर पंपांना जास्त दाब द्यावा लागेल, म्हणजे प्रकल्प स्वतःचेच ओकलेले पिऊ लागेल. म्हणून खाऱ्याचा नळ खाडीबाहेर, उघड्या समुद्रात, पुरेशा खोलीवर गेला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. तेव्हा खाडीचे पाणी निव्वळ गाळाचे असते आणि गोड्या पाण्याने हलके झालेले असते. म्हणजे आत येणारे पाणी गढूळ आणि बाहेर जाणारे खारे त्याच्या तुलनेत आणखी जड. हिवाळ्यात केलेली मोजणी पावसाळ्याला लागू पडत नाही.

आता तुमच्यातला कोणीतरी विचारणारच: एवढे खारे पाणी आहे तर मीठ का करत नाही? मुंबईच्या आसपास मिठागरे आहेतच की. प्रश्न चांगला आहे, हिशेब करू. चांगल्या उन्हाच्या दिवशी उथळ वाफ्यातून पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर रोजचे २७ कोटी लिटर उडवायला पन्नास चौरस किलोमीटरहून जास्त वाफे लागतील. शिवसागर भरल्यावर जेवढा पसरतो, त्याच्या जवळजवळ निम्मी जागा, मुंबईत. आणि पावसाळ्यात चार महिने काहीच उडणार नाही. निघेल ते खाण्याचे मीठ वर्षाला पंचेचाळीस लाख टनांच्या घरात जाईल, देशाच्या सगळ्या उत्पादनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके. ते घ्यायचे कोणी? थोडे खारे पाणी मिठासाठी वापरता येईल, सगळे नाही. कोणी 'शून्य विसर्ग' म्हणून समुद्राच्या प्रकल्पाचे कौतुक करत असेल तर त्याला विजेचे बिल मागा.

विजेचे म्हणाल तर ते मूळ प्रकल्पालाही थोडे नाही. चांगल्या प्रकल्पात एक हजार लिटरला साडेतीन युनिटच्या आसपास वीज जाते. पूर्वी ती दुप्पट जात असे. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यात दाब शिल्लक असतो, तो आत येणाऱ्या पाण्याला देणारी यंत्रे आली आणि खर्च उतरला. पोफळीला एक हजार लिटर पाणी उतरले की जेमतेम १.१ युनिट वीज होते. म्हणजे मनोरीचा एक लिटर गोडा करायला कोयनेचे तीन लिटर सह्याद्रीवरून खाली पडावे लागतात. कोयनेचे ते अवजल उचलून मुंबईला न्यावे, अशी मागणी आपल्याकडे बरीच जुनी आहे. तिचाही खर्च आणि वाद मोठे आहेत, आणि चिपळूणकरांना वाशिष्ठीच्या पाण्याबद्दल काय वाटते तेही ऐकावे लागेल. पण दोन्ही पर्यायांचा हिशेब एकाच पाटीवर मांडलेला मी पाहिलेला नाही.

खाऱ्यावरचा मला सर्वांत पटणारा उपाय बार्सिलोनाचा आहे. तिथे २००९ मध्ये नेमका मनोरीएवढा, दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प सुरू झाला. शेजारी सांडपाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र होते. खारे पाणी त्या शुद्ध केलेल्या, जवळजवळ गोड्या सांडपाण्यात मिसळून एकाच नळाने समुद्रात सोडतात. जड आणि हलके एकमेकांना सावरतात. मालाडलाही दिवसाला ४५ कोटी लिटरचे सांडपाणी केंद्र उभे राहते आहे. दोन्ही प्रकल्प एकमेकांशी बोलले तर खाऱ्याचा प्रश्न बराच हलका होईल. पण हे बोलणे सुरू झाले की एक अवघड प्रश्न लगेच येतो. ते सांडपाणी इतके चांगले शुद्ध करणार असाल तर त्यालाच आरओमधून काढा की. त्यात क्षार कमी, दाब कमी, वीज समुद्राच्या निम्म्याहून कमी, आणि खारेही फार कमी उरते. कारखान्यांना, बागांना, बांधकामाला ते पाणी सहज चालेल. मला विचाराल तर मुंबईने आधी गळती बुजवावी, मग सांडपाणी वापरावे आणि समुद्राकडे त्यानंतर यावे. पण समुद्राकडे जायचेच ठरले असेल, तर त्याला माझा विरोध नाही. पाऊस रुसला तरी समुद्र आटत नाही, हे त्याचे बळ खरे आहे. २०२४ मध्ये चेन्नईने नेमेलीला १५ कोटी लिटरचा नवा प्रकल्प सुरू केला, तो २०१९ सालचा दुष्काळ भोगल्यानंतर.

आपल्या घराघरांतून कोणीतरी मुंबईत आहे. कोणी माथाडी म्हणून गेले, कोणी गिरणीत, आता कोणी कार्यालयांत. मालाड-बोरिवलीत राहणारे तर हे पाणी पिणार आहेत. त्यांना माझा एक निरोप द्या. प्रकल्पाची जनसुनावणी असेल किंवा नगरसेवक भेटेल, तेव्हा 'पर्यावरणाचे काय' असा मोघम प्रश्न विचारू नका, त्याला मोघमच उत्तर मिळते. विचारा, की खाऱ्याचे तोंड किती खोलीवर आणि खाडीपासून किती लांब आहे. शंभर मीटरवर खारेपणा किती वाढलेला चालेल, हे करारात लिहिले आहे का. काम सुरू होण्याआधी पावसाळ्यासकट पूर्ण वर्षभर तळाचे पाणी, तळाचा ऑक्सिजन आणि तळाचे जीव मोजले का. मोजणी वरच्या पाण्याची दाखवली तर ती घेऊ नका, खारे पाणी खाली असते. आणि ते आकडे दर महिन्याला मनोरीच्या कोळीवाड्यातल्या फलकावर मराठीत लागणार आहेत का, हेही विचारा. डोल जाळी टाकणाऱ्या माणसाला तळ बदललेला सर्वांत आधी कळतो, पण त्याच्या हातात आकडा नसतो म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. तो आकडा त्याला मिळवून द्या.